एका अपडेटनं पुसलेल्या तारखा

अब्बांचा ब्लॉग मी कॉलेजात असताना बांधला होता, आणि वाईट बांधला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याचं खापर मला दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायचं नाही.

अब्बा शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून अम्मीचं डोकं खायला लागले, म्हणून मी त्यांना ब्लॉग काढून दिला. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगरात. अब्बांनी लिहायला विषय धरला तो पाण्याचा. रोज एक पोस्ट. आज वरच्या मोहल्ल्यात नळ आला का, किती वेळ टिकला, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा हंडा कुणी सरकवला. सोबत फोटो. असं करत करत हजारो पोस्टी झाल्या. वाचणारे आम्ही घरचे, आणि भांडणात आपलं नाव आलंय का ते बघणारे.

मग गावात नवी पाइपलाइन मंजूर झाली आणि यादीत वरचा मोहल्ला नाही. का, तर म्हणे तिथं एक दिवसाआड पाणी येतं, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या रजिस्टरला तशी नोंद आहे. अगं बाई! आमच्याकडं आठ-आठ दिवस नळाला थेंब नसायचा. मोहल्ल्यानं अर्ज केला, तालुक्याला सुनावणी लागली, आणि तिथल्या साहेबांनी सांगितलं की पुरावा आणा, तारीखवार. तसा पुरावा अख्ख्या गावात एकाच माणसाकडं होता.

अब्बांचा फोन आला. "बेटा, ते शोधायचं चालंना गेलंय. 'नळ' टाकलं की नुसतं फिरतंय, फिरतंय, आन् मग पांढरं पान."

"कधीची सुनावणी आहे?"

"परवा. सगळ्यांनी माझ्यावर सोडलंय गं."

मी शहरात एका लहानशा कंपनीत डेटाबेसचं काम करते. लोकांच्या मंद क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसमधले रखडणारे शोध, नीट करणं हाच माझा धंदा. जेवणाच्या सुट्टीत अब्बांच्या सर्व्हरवर शिरले आणि स्वतःचाच जुना कोड बघून लाज वाटली. शोध सगळा LIKE वर, म्हणजे नुसती अक्षरं जुळवत बसायचं. शब्दाच्या पुढं-मागं टक्क्याची चिन्हं, म्हणजे साधा इंडेक्स, शोधाची सूची, काही कामाचा नाही. ब्लॉगचा डेटाबेस, पोस्टग्रेस, बिचारं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक पोस्ट उघडून वाचत बसायचं. त्यात मी शहाणीनं फोटोसुद्धा मजकुरातच अक्षरं करून कोंबले होते. सगळ्यात स्वस्त सर्व्हर, त्याचा दम निघणारच.

फुल टेक्स्ट सर्च मी ऑफिसात कितीदा तरी बसवलंय. टेबलाला tsvector चा नवा रकाना जोडला. त्यात पोस्टमधले शब्द सुटे करून ठेवले जातात. फोटोचा कचरा गाळला. मराठीचे प्रत्यय ओळखणारी सोय पोस्टग्रेसमध्ये तयार नाही, म्हणून शब्द जसाच्या तसा ठेवणारी 'सिंपल' मांडणी घेतली आणि शोधताना शब्दाची सुरुवात जुळवायला सांगितलं, म्हणजे 'नळ' टाकलं तरी 'नळाला' सापडतं. वर GIN इंडेक्स, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पोस्टीत आहे त्याची सूची. नवी पोस्ट जतन झाली की रकाना आपोआप भरणारा ट्रिगर लिहिला. जुन्या पोस्टींचा रकाना रिकामाच राहिला होता, म्हणून एक अपडेट सगळ्या टेबलावर फिरवला.

आणि शोधून पाहिलं. एन्टर दाबलं न दाबलं तोच यादी समोर! शोध कुठल्या वाटेनं गेला ते सांगणाऱ्या EXPLAIN मध्ये आधी सगळं टेबल चाळल्याचं दिसायचं, आता इंडेक्स दिसत होता. मी खुर्चीत एकटीच हसले. अब्बांना फोन लावला.

"झालं बघा."

"इतक्यात? वाह रे वाह! तू तर उस्ताद निघालीस."

मला लई भारी वाटलं. यादीत फक्त शीर्षक आणि दोन ओळी दिसतात, तेवढं पाहून मी लॅपटॉप मिटला.

सुनावणीला रजा काढून गेले. अब्बा इस्त्रीचा कुडता घालून आलेले, हातात प्रिंटचा गठ्ठा. सकाळीच झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या अक्षरातली शीर्षकं तेवढी त्यांनी तपासली होती. मोहल्ल्यातल्या चार बायका आणि दोन म्हातारे बाहेर व्हरांड्यात उभे.

साहेबांनी पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. मग गठ्ठ्याच्या मधूनच एक उपसलं.

"गुरुजी, हे सगळं परवाच लिहिलं का?"

"नाय साहेब, रोजचं आहे. कित्येक वर्षांचं."

"मग प्रत्येक पानावर परवाची तारीख कशी?"

शेजारचा कारकून फिस्सकन हसला. मी पान हातात घेतलं, मग गठ्ठ्यातली आणखी चार उलटून पाहिली. कॉलेजात असताना मी तारखेला एकच रकाना ठेवला होता, आणि ओळ जतन झाली की त्यात त्या दिवसाची तारीख टाकणारा ट्रिगर. अब्बा जुनी पोस्ट कधी दुरुस्त करत नसत, त्यामुळं इतकी वर्षं ते खपून गेलं. माझ्या एका अपडेटनं प्रत्येक ओळ जतन केली. त्या क्षणी प्रत्येक पोस्ट परवाची झाली.

आपोआप भरणारा जनरेटेड कॉलम केला असता तर टेबल नव्यानं लिहिलं गेलं असतं, पण तारखेचा ट्रिगर चालला नसता. नाहीतर तो घटकाभर बंद ठेवायचा. हे मी ऑफिसात पोरांना शिकवते. क्लायंटच्या टेबलाला हात लावण्याआधी मी दहा वेळा विचार करते. बापाच्या टेबलाला लावताना एकदाही केला नाही. घरचंच तर आहे, म्हटलं.

बॅकअप होता, पण रोज जुन्यावर नवा लिहिणारा. स्वस्तात बसवलेला, तोही मीच. पोस्टींचा क्रम शाबूत होता, पण अब्बा अधूनमधून आजारी पडत, लग्नाला जात, तेव्हा खाडे व्हायचे. क्रमावरून तारीख कशी काढणार? आणि मजकुरात तारीख कुठंच नव्हती. सुरुवातीला ते लिहायचे. मीच वैतागून म्हटलं होतं, "अब्बा, कशाला दोनदोनदा? साइट टाकते ना!"

साहेबांना सांगायला मी तोंड उघडलं. "सर, ही माझी..."

अब्बांनी माझं मनगट धरलं. "माझ्याकडून छापण्यात घोळ झाला साहेब. म्हातारा माणूस."

साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं. त्यात तारखा होत्या, एक दिवसाआड, सुवाच्य अक्षरात. दाव्याला आधार नाही असा शेरा पडला. पाइपलाइन आमच्या मोहल्ल्याच्या खालून वळून गेली.

गावात परतलो तेव्हा मशिदीच्या ओट्यावर लोक वाट बघत बसले होते. काय झालं म्हणून विचारलं. अब्बा म्हणाले, "साहेबानं नीट पाह्यलंच नाय. आधीच ठरवून बसला होता." लोकांनी साहेबाला यथेच्छ शिव्या घातल्या. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू तरी रजा टाकून आलीस गं पोरी, आमच्यासाठी."

मी म्हटलं, "त्यात काय, खाला." आणि तिची घागर उचलून खालच्या हापशापर्यंत तिच्यासोबत गेले.