भिंतीस हात लावू नये

वारज्याला आम्ही घर बांधलं तेव्हा तिथे घरं कमी आणि शेतं जास्त होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा एक लांब पॅसेज, एवढंच घर. पण नोकरीला लागल्यापासून जे काही साठवलं होतं ते सगळं त्यात गेलं होतं, त्यामुळे त्या भिंतींवर माझा जरा जास्तच जीव होता. जरा नव्हे, फारच. आता कबूल करायला हरकत नाही.

त्याआधी आम्ही बिबवेवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहायचो. मुलगी दहा वर्षांची होती, मुलगा सात. मुलाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला आणि उजव्या पायातली ताकद गेली. त्या पायाला तो कॅलिपर लावायचा. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांना चामड्याचे पट्टे, म्हणजे गुडघा दुमडत नाही आणि पायावर उभं राहता येतं. कुबडी घ्यायला तो काही केल्या तयार नव्हता. कॅलिपर चढवायचा, उजवा हात भिंतीला टेकवायचा आणि घरभर फिरायचा. खोल्यांना चुना होता. दारापासून मोरीपर्यंत, त्याच्या खांद्याच्या जरा खाली, भिंतीवर एक काळपट पट्टा उमटलेला असायचा. दर दिवाळीला आम्ही चुना मारायचो आणि संक्रांतीपर्यंत तो पट्टा पुन्हा तयार व्हायचा.

तो पट्टा मी रोज बघत होतो. तो कशाने उमटतो हेही मला ठाऊक होतं. तरी नव्या घराला रंग ठरवताना तो मला आठवला नाही. माणूस शहाणा असून किती आंधळा असू शकतो याचं दुसरं उदाहरण मला शोधावं लागलं नाही.

रंगारी बिबवेवाडीचाच होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, बाहेरच्या भिंतींना नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गिलावा अजून कच्चा हाय. बाहेरच्या भिंतींना आतनं यंदा साधं डिस्टेंपर मारा. भिंतीतली ओल निघून जाईल. आत्ताच प्लास्टिक पेंट मारलात तर आतलं पाणी कोंडतं, मग फोड येत्यात आन् पापडी सुटती. पण ह्यो पॅसेज मधला हाय, त्याच्या भिंती आधीच वाळल्यात. घरात पोरं हायत, इथं तरी इमल्शन, म्हंजे त्यो प्लास्टिक पेंटच, मारा. धुता येतंय."

मला सगळं घर एकाच रंगाचं हवं होतं. फिकट पिवळसर, दारातून आत पाहिलं तर शेवटपर्यंत एकसारखं. दोन तऱ्हेच्या रंगांची छटा जुळत नाही, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे मुलं धुतात, भिंती नाही." तो हसला नाही. "बरं," म्हणाला आणि पावडरचं डिस्टेंपर आणायला गेला.

रंग सुरेख झाला. पाण्यात कालवलेलं, सरस घातलेलं ते डिस्टेंपर वाळल्यावर भिंती अशा मऊ दिसत होत्या की मी ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी पॅसेजमध्ये उभा राहून बघायचो. फक्त एक होतं. हात फिरवला की तळव्याला पांढरट पावडर लागायची आणि ओला हात लागला की डाग कायमचा. पुसायला गेलं तर रंगच निघायचा.

वास्तुशांतीला पन्नासएक माणसं येणार होती. पुण्याची माणसं जेवण झालं की भिंतीला टेकतात, आणि डोक्याला तेल असतंच. म्हणून मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "भिंतीस हात लावू नये. टेकून बसू नये." आणि पॅसेजच्या तोंडाशी टांगलं. पाहुणे हसले, एकदोघांनी टोमणेही मारले. "जेवायला हात लावला तर चालेल ना?" असं मेहुणा म्हणाला. मी तेही मनावर घेतलं नाही, कारण भिंती कोऱ्या राहिल्या होत्या. पाहुणे गेले, पाटी तिथेच राहिली. काढायचं कारणच काय होतं?

नव्या घरात मुलगा फरशीवर घसरत फिरायला लागला. कॅलिपर काढून ठेवायचा आणि दोन्ही हातांवर जोर देऊन बसल्या बसल्या पुढे सरकायचा. फरशी नवी, गुळगुळीत, भराभर जायचा. बायकोची शाळा होती, माझं ऑफिस. संध्याकाळी घरी यावं तर तो खाली बसून खेळत असायचा. बायको एकदा म्हणाली, "हा हल्ली उभाच राहत नाही हो." मी म्हणालो, "फरशी गुळगुळीत आहे, मजा वाटत असेल. चालेल पुन्हा." तिलाही माझं म्हणणं पटावं असंच वाटत असणार.

महिना-दीड महिना असा गेला. मग दवाखान्यात व्यायामाच्या बाईंकडे न्यायची वेळ आली. मुलांच्या हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाई कडक होत्या. त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं आणि उजवा गुडघा दाबून सरळ करून पाहिला. तो सरळ होईना. त्यांनी पुन्हा दाबला. मुलगा कळवळला.

"गुडघा आखडलाय," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सारखा बसून असतो का हा? असंच चाललं तर कॅलिपर बसणारच नाही. मग चालणं विसरा."

मी काही बोलायच्या आत त्या मुलाकडे वळल्या. "काय रे, घरी चालत नाहीस का?"

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"आमच्या घरी भिंतीला हात लावायचा नाही. पाटी आहे."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला आजही सहन होत नाही. घरचा नियम सांगावा तसं त्याने सांगितलं. नुकतं वाचायला आलेलं मूल. समोर वडिलांचं अक्षर. त्याने वाचलं आणि पाळलं. पाहुण्यांसाठी लिहिलेली पाटी पाहुणे गेल्यावरही एकटा तोच पाळत होता.

"पाटी कोणी लावली?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. त्यांनी कागद ओढला. गुडघ्याला ताण द्यायचे व्यायाम, रात्री पाय सरळ ठेवायला फळी आणि दिवसातून चार वेळा घरभर चालणं, एवढं लिहून दिलं.

घरी आल्या आल्या मी पाटी काढली आणि फाडली. मुलाला कॅलिपर चढवला, पॅसेजच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणालो, "लाव हात." त्याने कोपर लावलं. मी म्हणालो, "हात लाव रे!" माझा आवाज चढला, तसा तो आणखीच बावरला. त्याने तळवा टेकवला, दोन पावलं टाकली आणि हात काढून बघितला. घामाने ओल्या तळव्याला रंग लागला होता, भिंतीवर बोटं उमटली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, हात शर्टाला पुसला आणि खाली बसला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुमच्या भिंतींनी त्याला घाबरवलंय," ती म्हणाली. "पाटी फाडून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी बिबवेवाडीला जाऊन रंगाऱ्याला गाठलं. पॅसेजला इमल्शन मारायचं म्हणालो. त्याने "मी बोललो व्हतो" असं म्हटलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. घरी आल्यावर त्याने पॅसेजच्या भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी सोडवून पाहिला. आतल्या बाजूला पाण्याचा थेंबही नव्हता. "वाळलीय," म्हणाला. पण डिस्टेंपरवर तसंच इमल्शन मारता येत नव्हतं. खालची पावडर सुटली की वरचा रंग तिच्यासकट निघून येतो. त्यामुळे त्याने भिंत पाण्याने भिजवली आणि पत्र्याने खरवडून माझा तो सुरेख पिवळसर रंग पार गिलाव्यापर्यंत काढला. भिंत वाळू दिली. मग प्रायमर, मग खाचाखळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासणं, पुन्हा प्रायमर आणि त्यावर इमल्शनचे दोन हात.

छटा जुळली नाही. खोलीच्या दारापाशी दोन रंग वेगळे दिसत होते, आणि आजही माझी नजर तिथे जाते. खोल्यांबद्दल विचारलं तर रंगारी म्हणाला, "त्यांना एक उन्हाळा जाऊ द्या." मी जाऊ दिला. पॅसेजच्या भिंतीला उद्यापासून हात लावा, पण धुवायची घाई नको, महिनाभर रंग पक्का होऊ द्या, असं बजावून तो गेला.

तो महिना सगळ्यात वाईट होता. सकाळ-संध्याकाळ बायको मुलाचा गुडघा दाबून सरळ करायची आणि तो रडायचा. मी चालवायला जायचो तेव्हा तो माझा हात धरायचा, भिंतीला हात लावायचा नाही. मुलगी त्याला समजवायची, "अरे, हा धुवायचा रंग आहे." तो मान हलवायचा आणि भिंतीपासून वीतभर लांबच राहायचा.

महिना झाल्यावर एका रविवारी मी सायकलची साखळी साफ केली. हात काळे झाले होते. मुलाला पॅसेजमध्ये बोलावलं आणि त्याच्यादेखत दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. तो थक्क झाला. मुलगी ओरडली, "बाबा!" भिंतीवर माझे दोन काळे पंजे उमटले. मग मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्याच्या हातात दिलं. त्याने हळूहळू पुसलं. बराच वेळ पुसलं. डाग फिकट झाला आणि मग गेला. रंग तसाच राहिला.

त्याने फडकं बादलीत टाकलं आणि मला विचारलं, "रोज लावला तरी चालेल?"

"रोज लाव."

"तुम्ही ऑफिसातून आलात तरी?"

मी मान हलवली. त्याने उजवा तळवा भिंतीला टेकवला आणि निघाला. लोखंडाचा खणखण आवाज पॅसेजभर झाला. अर्ध्यात त्याचा तोल गेला, दोन्ही हात भिंतीला लागले. तो तसाच थांबला, मान वळवली आणि आधी माझा चेहरा पाहिला.

गुडघा पुढे बराचसा सरळ झाला, कॅलिपरही नीट बसायला लागला. तो आता मोठा आहे, त्याचं स्वतःचं घर आहे. आमच्याकडे येतो तेव्हा त्याच पॅसेजमधून हात टेकवत आत येतो. मी समोर बसलेला असलो, तर पहिलं पाऊल टाकण्याआधी तो अजूनही क्षणभर माझ्याकडे बघतो. त्याला ते ठाऊक नसावं. मी दर वेळी मान हलवतो.