केसरबाईच्या लॅपटॉपची बिजागरी

देऊळघाटच्या केसरबाई ब्लाऊज शिवायच्या. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, पण मापाले टेप लागत नव्हता. बाई समोर उभी राह्यली की एक नजर वरून खाली, झालं. आमच्या बुलढाण्याच्या बाया बसनं देऊळघाटले जाऊन त्यांच्याकडं कापड टाकून यायच्या. माझी बायकोही त्यातलीच. तिचं म्हणणं, केसरबाई काही बोलत नाही म्हणून काम वेळेवर देते. असं आमचं घर, दुसऱ्याच्या दुखण्यावर आधी हसून घेते.

मी शालिग्राम. बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करत होतो, मग कॉम्प्युटर. लॅपटॉप या भागात तेव्हा नुकतेच दिसायले लागले होते, आणि आमच्या हातात बटणाचेच मोबाईल होते.

एका दुपारी केसरबाई एकट्याच दुकानात आल्या. फडक्यातून जुना लॅपटॉप काढला आणि उजवा कोपरा दाखवला. मी पाह्यलं तर पडद्याची चौकट तिथं फाकली होती, बोट जाईल एवढी फट. हे मी पन्नासदा पाह्यलेलं. लोकांले वाटते बिजागरी तुटली. बिजागरी लोखंडाची, ती कायले तुटते? उलट ती घट्ट होऊन बसते. तिचे स्क्रू ज्या पितळी नटात बसतात, ते नट प्लास्टिकच्या लहान लहान खुंट्यांत असतात. झाकण उघडलं की घट्ट बिजागरी खुंट्यांले ओढते, खुंट्या उपटतात. मग बिजागरी जागा सोडते, चौकट फाकते आणि सारा जोर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर येते. तिथं काच किती, तर कागदाहून थोडी जाड.

खुंटी उपटायच्या आधी कट-कट आवाज येते. कान असलेला माणूस तिथंच थांबते. केसरबाईले तो आवाज कसा येणार? त्या रोज उघडतच राह्यल्या.

दुरुस्ती म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पाप तिथंच आहे. नुसत्या खुंट्या चिकटवून भागत नाही. आधी बिजागरीचा नट थोडा ढिला करा, ग्रीसचा थेंब द्या, ती हलकी झाली की मग दोन नळ्यांचा गम मिसळून पितळी नट जागच्या जागी बसवा, आणि चोवीस तास हात लावू नका. झाकण, चौकट सारी उघडावी लागते. मी काय केलं? बिजागरी ढिली केलीच नाही. गम लावला, स्क्रू आवळले आणि चार वाजता देऊन टाकलं. मनात म्हटलं, म्हातारी बाई, सिरीयल पाहत असेल, चालते तिले. माझ्या आळसाले तेवढं कारण पुरलं.

देताना सांगितलं, उद्यापर्यंत उघडू नका, आणि उघडाल तर दोन हातांनी, मधातून, कोपरा धरून नाही. सांगताना माझं तोंड खाली लॅपटॉपकडं, हातात स्क्रू फिरवायचा पेचकस. वर पाह्यलं तेव्हा केसरबाईनं मान हलवली. बोलणारा माणूस समोर असला की समजो न समजो, त्या अशीच मान हलवायच्या, हे अख्ख्या तालुक्याले माहीत होतं. मलेही होतं.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर पडली होती आणि अर्धा पडदा काळा. गमासकट खुंटी निघाली होती. मी माझ्या टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरची वायर लॅपटॉपले लावली. मॉनिटरवर सारं साफ दिसलं. म्हणजे मशीन जिवंत होती, गेला तो फक्त पडदा. नवा मुंबईहून येणार. मी बोटं दाखवली, आठ दिवस. पैसे घेणार नाही हेही खुणेनं सांगितलं, तेवढी लाज होती मले.

केसरबाई मॉनिटरकडं बोट करत राह्यल्या. हवेत चौकोन काढला, वायर दाखवली, छातीवर हात ठेवला, रस्त्याकडं हात केला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मले वाटलं, नवा पडदा असाच साफ दिसल का, हे विचारतात. मी जोरानं मान हलवली, हाव, असाच. मॉनिटरची वायर काढली आणि लॅपटॉप फळीवर ठेवला. त्या बराच वेळ उभ्या राह्यल्या आणि मग गेल्या.

पडदा नवव्या दिवशी आला. या वेळी मी बिजागरी ढिली केली, नवं झाकण टाकलं, चोवीस तास ठेवलं. एका बोटानं उघडावं अशी मऊ झाली. लॅपटॉप न्यायले केसरबाईसोबत त्यांची सून सिंधू आली. मी हौसेनं बिजागरी कशी चालते ते दाखवायले गेलो, तर सिंधू म्हणाली, "राहू द्या भाऊ. पाहणारं माणूसच गेलं."

मग तिनं सांगितलं. केसरबाईची धाकटी बहीण अंबूबाई सुरतेले पोराजवळ राहायची. तीही जन्मापासून मुकी. दोघी बहिणींनी लहानपणी आपसात हातांची बोली बनवली होती, दुसऱ्या कोणाले पुरी येत नव्हती. अंबूबाईले कॅन्सर झाला, पोरानं आपला जुना लॅपटॉप मावशीले दिला, आणि दोघी रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर एकमेकींले पाहून हातांनी बोलायच्या. केसरबाई एका हातानं कोपरा धरून उघडायच्या, कारण दुसरा हात आधीच बहिणीले बोलायले लागलेला असायचा. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, म्हणून आठ दिवसांसाठी कोणी सुरतेची गाडी धरली नाही. लॅपटॉप माझ्या फळीवर ठेवल्याच्या सहाव्या दिवशी अंबूबाई गेली.

"शेवटच्या दोन दिवसांत अंबूमावशी काहीतरी सांगून राह्यल्या होत्या," सिंधू म्हणाली. "तिकडून पोरगा फोनवर सांगे, आई मुठीवर मूठ ठेवते, मग कपाळाले हात लावते. मी इथं सासूबाईसमोर तसं करून दाखवू. पण माझ्या हातातून त्यांले काहीच समजलं नाही. त्या नुसत्या माझे हात धरून रडल्या."

तेवढ्यात केसरबाई माझ्या टेबलाजवळ गेल्या. मॉनिटरवर हात ठेवला, सिंधूकडं पाह्यलं, हवेत चौकोन काढला, वायर दाखवली.

सिंधूनं एकदा मॉनिटरकडं, एकदा वायरकडं पाह्यलं. मग ती म्हणाली, "घरी रोज हेच करून राह्यल्या होत्या. आम्हाले वाटलं लॅपटॉप मागतात. त्या हा मॉनिटर मागत होत्या, भाऊ. हा लावून दिला असता तर दिसलं असतं का?"

दिसलं असतं. एक वायर, एक मॉनिटर, बसच्या टपावर बांधून नेला असता तरी अर्ध्या तासात देऊळघाट. शिवणाऱ्या बाईनं एकदा पाहून जे ओळखलं, ते रोज तीच वायर लावणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. मी सिंधूले खोटं सांगू शकलो असतो. केसरबाई माझ्या तोंडाकडं पाहून राह्यल्या होत्या.

मी त्यांच्याकडं तोंड करून हळूच मान हलवली. दिसलं असतं.

त्यांनी लॅपटॉप परत फडक्यात बांधला. दारात थांबून मुठीवर मूठ ठेवली, कपाळाले हात लावला, आणि मले याचा अर्थ माहीत आहे का म्हणून माझ्याकडं पाह्यलं.