गोजरबाईचे चार आणे

जालन्यातल्या ज्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापूस तोलायचो, तिथल्या बायांची मुकादमीण होती गोजरबाई. जिनाच्या रुळांना कापूस भरवायचं काम बायांचं, आणि त्या एक्केचाळीस बाया गोजरबाईच्या. माणूस म्हणून ती फार गोड होती असं मी म्हणणार नाही. हट्टी होती. एकदा न्हाई म्हणाली की तिच्या तोंडून होय काढायला मालकाचा बापही पुरला नसता. ती मला रखमाजीभाऊ म्हणायची आणि माझ्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

आमच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की मुनीमजी मुकादमिणीच्या हातात नारळ आणि विडा द्यायचे आणि बायांची रोजी चारचौघांत बोलायचे. बोलली ती बोलली. होळीपर्यंत तिच्यात एक पैसा खालीवर व्हायचा नाही. या रीतीचा गोजरबाईला मोठा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

१९३०च्या दसऱ्याला कापसाचा भाव पडलेला होता. परदेशात गिऱ्हाईक उरलं नाही असं ऐकत होतो. जालन्यातल्या माणसाने त्याला काय करावं? पण पुढे जे झालं ते मात्र आमच्या हातचं होतं, म्हणून आजही माझा जीव जळतो.

मुनीमजी म्हणजे राधाकिसन. मऊ बोलायचे आणि आकड्याला पक्के होते. त्यांनी पूजेआधी गोजरबाईला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा तीन आणे घ्या, जमेल तेवढ्या बाया ठेवतो. गोजरबाईने विड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चार आणे," ती म्हणाली. "मह्या बायांची रोजी आजवर कधी खाली आली न्हाई. मह्या हातानं तर येणारच न्हाई."

मुनीमजींनी वाद घातला नाही. त्यांनी चार आणे जाहीर केले, नारळ दिला, आणि एक्केचाळीसपैकी चोवीसच जणींना कामावर बोलावलं. जुन्या राहिल्या, नव्या गेल्या. गेलेल्या सतरा जणींत गोजरबाईची धाकटी जाऊ साळूबाई होती.

फाटकाबाहेर दोन आण्यांवर यायला तयार असलेल्या बाया रोज उभ्या असायच्या. त्यांना का घेत नाही, असं मी मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, नवी बाई रुळात बोट घालते, जुन्या तिला शिकवत नाहीत, आणि रोजी तोडली की रागावलेल्या बाया पाला-कचरा तसाच रुईत जाऊ देतात. त्यापेक्षा थोड्या बाया आणि पूर्ण रोजी बरी. हिशेब बराबर होता. बाहेरच्यांची त्यात जागा नव्हती, एवढंच.

इकडे ज्वारीही स्वस्त झाली होती. चार आण्यांत पूर्वी जेवढी यायची त्याच्या दीडपट येऊ लागली. कामावरच्या बाया म्हणू लागल्या की मंदी आपल्याला चांगली लाभली. माझी महिन्याची पंधरा रुपये तनखा होती, तीही तशीच राहिली. मी त्या वर्षी तूप खाल्लं आणि बायकोला लुगडं घेतलं. लाज वाटते, पण खरं आहे ते.

गोजरबाईच्या घरी मात्र एक रोजी आणि दोन चुली. माघ महिन्यात साळूबाई तिला जे बोलली ते गोजरबाईनेच मला काट्याजवळ उभं राहून सांगितलं. "जाऊबाई, मला दोन आणेबी चालले असते. पण मला कोणी इचारलंच न्हाई."

ज्या रोजीसाठी गोजरबाई भांडली ती साळूबाईच्या हाती आलीच नव्हती. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, सतराही जणींना परत आणायचं.

पुढच्या दसऱ्याला ती स्वतःहून तीन आणे बोलली. आमच्या बाया चवताळल्या. एकीने तिला मालकाचं माणूस म्हटलं. आणि मुनीमजी? त्यांनी हात जोडले. म्हणाले, तीन आण्यांनी मालकाला चार पैसे सुटतील, पण जिनं जास्त चालणार नाहीत, कारण कापसाच्या गाड्याच येत नाहीत. केदारखेड्याचा शेतकरी भुजंग कापूस घरात थप्पी लावून बसला होता. कापसाचा भाव निम्मा झाला, तुमचा सरकी काढायचा दर तोच, मंग आणू कशाला, असं त्याचं म्हणणं. तो दर गावातल्या पाचही जिनमालकांनी मिळून बांधला होता, आणि जो आधी उतरवील त्याला दंड होता.

गोजरबाईने तीन आणे मागे घेतले. गाड्या येणारच नसतील तर रोजी फुकट का घालवायची? पुन्हा चोवीसच बाया आणि पुन्हा एक हंगाम गेला. मालक दुसऱ्या मालकाकडे बघत होता, बाया दुसऱ्या जिनातल्या बायांकडे, आणि भुजंग आमच्याकडे. आपणच आधी का, हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि एकेकट्याचं त्यात चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

दुसरी कोणी असती तर तिथंच बसली असती. गोजरबाई त्या उन्हाळ्यात बाजाराच्या दर दिवशी उरलेल्या चार जिनांच्या मुकादमिणींना गाठत राहिली. दोघींनी तिला हाकलून दिलं. ती पुन्हा गेली. तिचं म्हणणं साधं होतं. ज्वारी इतकी उतरलीय की आजचे तीन आणे पूर्वीच्या चारांएवढे आहेत. उतरायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी, म्हणजे कोणी फसणार नाही. मग तिने भुजंगासारख्या दहाबारा गाडीवाल्यांकडून, दर उतरला की कापूस आणू, असा शब्द घेतला आणि पाचही मुनीमांना एकच निरोप धाडला. पाची जिनांत रोजी तीन आणे, सरकीचा दर चौथाईने कमी, आणि बाया सगळ्या.

मालकांनी महिनाभर घोळ घातला. पण पाचही जिनांच्या भट्ट्या अर्ध्या थंड होत्या, आणि एकट्यालाच आधी उतरायचं नव्हतं. १९३२च्या दसऱ्याला पाची ठिकाणी एकाच सकाळी विडा दिला गेला. गोजरबाईने तीन आण्यांचा नारळ हातात घेतला.

आठवड्यात गाड्यांची रांग लागली. मंदी काही संपली नव्हती, कापूस स्वस्तच होता, पण जिनं चालली. गोजरबाई फाटकात उभी राहून सतरा जणींची नावं घेऊ लागली. साळूबाई पहिली आत शिरली. अकरा आल्या. सहा नावांना ओ आलीच नाही. चौघी पोट भरायला वऱ्हाडात गेल्या होत्या, एक माहेरी पडून होती, आणि नंदाबाई त्या पावसाळ्यात वारली.

गोजरबाईने सहाही नावं पुन्हा एकदा घेतली. मग माझ्या काट्याजवळ आली.

"तीन आणे दोन वर्सं आधीच बोलायचे होते, रखमाजीभाऊ," ती म्हणाली. "पण मी एकटी बोलून काय झालं असतं?" आणि मग तिने विचारलं, "तुमची तनखा किती उतरली?"

न्हाई उतरली, असं मी सांगितलं.

"कोणी इचारलं न्हाई?"

"न्हाई."

"तुमी सोताहून?"

मी काट्याच्या पारड्यात गाठोडं टाकलं आणि वजन बघू लागलो. गोजरबाई उत्तरासाठी थांबली नाही, तिला पस्तीस बाया कामाला लावायच्या होत्या. खरं म्हणजे अडतीस. नंतर कळलं, वरच्या तिघी फाटकाबाहेरच्या दोन आण्यांवाल्या होत्या, आणि त्यांना शिकवायला तिने साळूबाईला उभं केलं होतं.