शिवून दिलेली यादी

आमच्या छापखान्यात पुस्तकं शिवणाऱ्याला सगळे काका म्हणायचे. वय सत्तावन्न, हाताला कायम खळ लागलेली, आणि सुटा कागद दिसला की जीव कासावीस होणारा माणूस. घरचं विजेचं बिलसुद्धा दोरा घालून ठेवायचे, अशी त्यांची थट्टा आम्ही करायचो. दोन मजले चढताना ते तीनदा थांबायचे, त्याची मात्र थट्टा कुणी केली नाही. कारण त्यांच्यासारख्याच सिगारेटी आम्हीही ओढत होतो.

मशीनच्या हॉलमध्ये ओढायला बंदी होती, कागद पेटेल म्हणून. माणसाच्या छातीची कुणाला पडली होती? म्हणून सगळे जिन्याच्या वळणावर उभे राहायचे. शेजारी बायकांची, छापलेल्या कागदांना घड्या घालायची खोली. त्या दार लावून, पदर नाकाला लावून काम करायच्या. दार उघडलं की धूर आत. एकदा त्यांच्यातली एक काकांना म्हणाली, "तुमच्या धुरानं माझा खोकला जात नाही. पोरगी म्हणते, आई, तू ओढतेस का?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत. आठ दिवसांनी आपल्या मुलीला शेजारी बसवून त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. ते मी वाचलं आहे. संपूर्ण आवार धूम्रपानमुक्त करा, जिना, गच्ची, मालाची गाडी, सगळं. पण ज्याला सोडायची आहे त्याला मदतही करा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांकडून सल्ला आणि निकोटीनचं च्युइंगम द्या, त्यासाठी कामाच्या वेळातली पंधरा मिनिटं द्या, आणि मदत मागणाऱ्याला शिक्षा नको.

डॉक्टर काकांना म्हणाले होते, "च्युइंगम किती तीव्रतेचं द्यायचं हे उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते त्यावर ठरतं. तेवढं विचारून आणा." म्हणून काका आमच्याकडे वही घेऊन फिरले. नाव, दिवसाला किती, उठल्यावर किती मिनिटांत.

"डॉक्टरांशिवाय कुणाच्या हाती जाणार नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलीची शपथ."

अकरा जणांनी लिहिलं, शेवटी काकांनी स्वतःचंही. मी वीस ओढत होतो, बारा लिहिल्या. तेवढीच लाज शिल्लक होती.

पत्र व्यवस्थापनाचं, यादी डॉक्टरांची. दोन पाकिटं हवी होती. पण यादी वाटेत हरवेल या काळजीनं काकांनी ती पत्राच्या पाठीमागे तीन टाके घालून शिवली आणि वर पट्टी चिकटवली. एरवी त्यांच्या शिलाईचं कौतुक करायचो आम्ही.

महिन्याच्या एक तारखेला फलक लागले. राखेची भांडी गेली, जिना धुतला गेला. बायकांनी दार उघडं ठेवलं, आणि एवढं तरी चांगलं झालं हे मी नाकारणार नाही. दुपारी ऑफिसातून नावानिशी बारा पाकिटं आली. आमची अकरा आणि काकांचं एक. माझ्या पाकिटात ताकीद होती: "आपण दररोज बारा सिगारेटी ओढत असल्याचे आपल्याच लेखी कबुलीवरून दिसते. आवारात आढळल्यास एक दिवसाचा पगार कापला जाईल." फाटकावर शिपाई खिसे तपासू लागला. सगळ्यांचे नाही. यादीतल्यांचेच.

काका ऑफिसात गेले. कर्मचारी विभागाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पत्र तुमचंच ना? आम्ही ते मान्य केलं."

"अर्धं केलंत, बाई."

"उरलेल्याचाही विचार करू."

विचार म्हणजे सूचनाफलकावर एक कागद लागला: सिगारेट सोडण्यासाठी मदत हवी असणाऱ्यांनी इथे नाव लिहावं. दोरीला बांधलेलं पेन. भर रस्त्यासारख्या त्या जागी, शिपायाच्या डोळ्यांसमोर! कोण लिहिणार? पंधरा दिवस कागद कोरा राहिला. काका रोज येता-जाता त्याच्याकडे बघायचे. एकदा त्यांनी पेन हातात घेतलं, मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि ठेवून दिलं. त्यांनी नाव लिहिलं असतं तर आम्ही त्यांना फाडून खाल्लं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. सोळाव्या दिवशी बाईंनी शेरा मारून कागद काढला: कर्मचाऱ्यांकडून मागणी नाही.

त्या दिवसांत काकांनी स्वतःच्या बळावर सिगारेट सोडली होती, हे मला त्यांच्या मुलीकडून फार उशिरा कळलं. एकोणीस दिवस. शिलाई वाकडी जायची, आणि आमच्यातला एकही त्यांच्याशी बोलत नव्हता. डबासुद्धा एकटेच खायचे.

विसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाबाहेर भिंतीला लागून ओढत उभे होतो. काका आले. माझ्यासमोर थांबले. धाप लागली होती.

"एक दे रे," ते म्हणाले.

मी पाकीट पुढे केलं, पेटवूनही दिली. त्यांच्याशी एक शब्दही बोलायला लागू नये म्हणून दिली.