न लागणारा हिरवा दिवा

कळव्याच्या ताईंनी त्या दिवशी माझी नोकरी वाचवली, हे आधी लिहून टाकतो. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे त्या शिकवायच्या. खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावर पेंगणारा दचकून ताठ बसायचा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी आठवीत शाळा सोडून नांदेडकडून आलेलो, कल्याणला चौघांत एक खोली. एका ठेकेदाराकडे नेटवर्कच्या केबल जोडायचो. क्लासमध्ये इंटरनेटसाठी नवा राउटर आला. सगळे कॉम्प्युटर ज्या डबीत येऊन जुळायचे, त्या शेजारच्या हबला तो जोडायला मी छोटी केबल कापली, दोन्ही टोकांना ठेकेदाराने दिलेल्या टूलने प्लग दाबून बसवले आणि लावली. राउटरच्या पोर्टवरचा हिरवा दिवा काही लागेना. घाईघाईत दुसरी केबल बनवून लावली. तरी नाही.

"पोर्ट गेलाय," मी म्हणालो.

"गेलाय, की तू घालवलास?" ठेकेदार सगळ्यांसमोर ओरडला. "नवाकोरा राउटर! उद्यापासून येऊ नको. जा गावाला, म्हशी राख!"

आईला काय सांगणार होतो?

गलका ऐकून ताई वर्गातून आल्या. "अहो, थांबा की जरा. काय रे भाऊ, दुसरी केबल कुणी बनवली?"

"मीच."

"ह्याच टूलने?"

"हो."

"मग चोराच्या बाजूने त्याच्या भावाची साक्ष काढलीस की!"

त्यांनी हबला लागूनच बसलेल्या एका विद्यार्थिनीला खुर्चीवरून उठवलं. तिचा कॉम्प्युटर हबला जोडणारी, सकाळपासून चालू असलेली केबल काढली आणि राउटर-हबमध्ये लावली. दिवा लागला! मग माझी केबल त्या मुलीच्या कॉम्प्युटरला लावली. तिथलाही दिवा मेलेला.

"पोर्ट ठणठणीत आहे. आजार केबलमध्ये आहे," ताई म्हणाल्या आणि माझा प्लग खिडकीशी धरला. आठ पितळी पात्यांपैकी सहावं, हिरव्या वायरवरचं, वर राहिलेलं. वायरीत रुतलंच नव्हतं. दुसऱ्या केबललाही तेच. टूल उघडून पाहिलं, तर नेमका तिथलाच दात तुटलेला.

"टूल कुणाचं?" ताईंनी विचारलं.

ठेकेदार छताकडे बघायला लागला. टूल त्याचंच, जुनं.

"मग म्हशी कोण राखणार?" ताई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला, आणि शेवटी तोही.

क्लासच्या टूलने मी नवे प्लग बसवले. दिवा लागला. "उद्या वेळेवर ये," ठेकेदार जाताना एवढंच म्हणाला.

मी पाया पडायला वाकलो, तर ताईंनी डोक्यावर टपली मारली. "डोकं वापर, पाय कसले धरतोस!"

आज माझ्या हाताखाली चार माणसं केबल जोडतात. ताईंनी कधी काही मागितलं नाही, मागणारही नाहीत. पण कळव्यात स्वतःचा क्लास काढायचं त्या म्हणतात; तो काढतील, त्या दिवशी पहिल्या वायरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंतचं काम मी माझ्या हाताने करून देईन. हा माझा शब्द आहे.