समजा-बाईंचं राखीव पुस्तक

तत्त्वज्ञानाच्या बाईंना आम्ही त्यांच्या पाठीमागे ‘समजा-बाई’ म्हणायचो, कारण त्यांची निम्मी वाक्यं ‘समजा’नेच सुरू व्हायची. विभागाची खोली जिन्याखाली होती. एक डुगडुगतं टेबल, काचेचं कपाट आणि खडूची धूळ. पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून त्या शिकवायच्या. आम्ही पहिल्या वर्षाला जेमतेम अकरा जणी होतो, पण त्यांचा उत्साह भरल्या वर्गाचा.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात माझे वडील जिन्यावरून पडले आणि पायाचं ऑपरेशन करावं लागलं. आई दिवसभर कामाला, म्हणून दवाखान्यात बसायची पाळी माझी. उपयुक्ततावादाचा धडा ज्या पुस्तकात नीट होता, त्याची विभागात एकच प्रत होती, आणि तीही राखीव. तिथेच बसून वाचायची, बाहेर न्यायची नाही. शनिवारी मी बाईंना गाठलं.

“बाई, उद्या रविवार. कॉलेज बंदच आहे, कोणाला लागणार नाही. सोमवारी उघडायच्या आत आणून देते.”

बाईंनी वडिलांची चौकशी केली, कितव्या मजल्यावर आहेत तेही विचारलं. मग म्हणाल्या, “पुस्तक नाही देता येणार गं.”

मी तोंड पाडून निघाले. रस्ताभर त्यांना मनातल्या मनात बोल लावले.

रविवारी दुपारी वडिलांना सफरचंद कापून देत होते, तेवढ्यात वॉर्डाच्या दारात बाई उभ्या. घामाघूम, हातात नुसते कोरे कागद. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “काल तू अर्ध्या जगाला शिव्या घातल्या असशील. चल, त्याच उदाहरणावर उत्तर लिहू.”

कागदावर मधोमध रेघ मारली. “डावीकडे कृती-उपयुक्ततावाद. तो ही एकच कृती बघतो. तिच्या परिणामांत सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होतं का? पुस्तक दिलं तर काय होतं?”

“माझा अभ्यास होतो. कोणाचंच नुकसान नाही.”

“नाही दिलं तर?”

“मी रडते.”

“मग देणंच बरोबर. आता उजवीकडे. नियम-उपयुक्ततावाद म्हणतो, सुट्या कृतीचं मोजमाप करू नका, आधी नियम तपासा. सगळ्यांनी सर्वसाधारणपणे पाळला तर सर्वांत जास्त भलं करेल, असा नियम कोणता? समजा, नियम असा केला की ज्याला वाटेल नुकसान नाही, त्याने पुस्तक न्यावं. काय होईल?”

मी विचार केला. “प्रत्येकीला आपलीच अडचण मोठी वाटेल. अंदाज चुकतील. सोमवारी कोणी वाचायला आलं तर पुस्तक कुठे आहे, कोणालाच ठाऊक नसेल.”

“म्हणून ‘राखीव प्रत बाहेर नाही’ हा नियम जास्त भल्याचा, आणि तो मोडणारी कृती चूक. दोघांचं ध्येय एकच, जास्तीत जास्त भलं. मोजायची जागा वेगळी.”

वडील उशीवरून म्हणाले, “आणि माझं मोडलेलं हाड कोणाच्या हिशेबात धरायचं?”

“दोघांच्याही!” बाई हसल्या. “म्हणून तर भांडण आहे. कृतीवाला विचारतो, नियम मोडल्याने भलंच होणार हे उघड असतानाही त्याला चिकटून बसायचं, म्हणजे तुम्ही भल्याची पूजा करता की नियमाची? नियमवाला म्हणतो, बरं, ‘दवाखान्यात असेल तर द्यावं’ असा अपवाद घालू. पण असे अपवाद घालत गेलात तर?”

“शेवटी प्रत्येक वेळी वेगळं मोजायचं. म्हणजे पुन्हा कृतीवालाच!”

“शाब्बास. आक्षेप म्हणून हे लिहायचंच.”

मला एकदम सुचलं. “पण बाई, तुम्ही इथे आलात. नियमही राहिला, माझंही काम झालं. मग दोघांचं उत्तर एकच नाही का?”

“तिसरा पर्याय निघाला की कृतीवाल्याला तोही मोजावा लागतो. माझा रविवारही मोजायचा.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “परीक्षेत मात्र प्रश्न देतो तेवढेच पर्याय असतात.”

“तुम्ही कोणत्या बाजूच्या?”

“पेपरात दोन्ही. एरवी रोज सकाळी बदलते.”

पेपरात प्रश्न आला, तोच. मी दवाखान्याचं नाव न घेता सगळं उदाहरण मांडलं. गुण चांगले पडले. वडील काठी घेऊन घरी आले, आणि ओळखीच्या लोकांना कित्येक महिने नियम आणि कृती यांतला फरक समजावून सांगत होते, बहुतेक वेळा उलटा.

आता तो विभागच राहिलेला नाही. जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसलंय. अजूनही कोणी ‘समजा’ म्हटलं की मला आधी तो वॉर्ड आठवतो, फिनेलचा वास, आणि घाम पुसत येणाऱ्या बाई.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरी गेले. केस पांढरे, नजर तशीच. त्यांच्या बहिणीला डॉक्टरांनी आजाराचं खरं सांगायला हवं होतं का, या वादाला त्यांनी मला ताबडतोब जुंपलं. चहा दोनदा गार झाला. निघताना त्या दारापर्यंत आल्या, मी अर्धा जिना उतरले तरी वरून त्यांचा मुद्दा चालूच होता.