विमानतळावरचा फळा

माझे मालक पहाटे गेले. मुलगा मुंबईहून विमानानं सोलापूरला उतरून गावी येणार होता. अग्नी त्यानंच द्यायचा, म्हणून सगळे थांबले होते.

विमानतळावरच्या फळ्याचा फोटो त्यानं मला पाठवला आणि मग त्याचा फोन लागेना. फोटोतले इंग्रजी शब्द मोबाईलवर मराठी कसे करायचे, हे त्यानंच मला शिकवलं होतं. दिल्लीच्या ओळीपुढं ‘गेट बंद’ आलं, गोव्यापुढं ‘शेवटची सूचना’, सोलापूरपुढं ‘विलंब’. आकडे मात्र तसेच राहिले. १२:५० च्या शेजारी नवी वेळ होती, १४:१०.

"वहिनी, कवा उडतंय इमान?" धाकट्या दिरानं दारातून विचारलं.

मी चौदातून दहा वजा केले. "चार दहाला."

"मंग घरी यायला सात वाजतील. दिवस मावळायच्या आत न्यावं लागंल."

फोटो कुणाला तरी दाखवावा असं वाटलं, पण एवढ्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही. चारच्या सुमारास दिरानं अग्नी दिला.

पाचला मुलगा बंद पडलेला फोन हातात घेऊन दारात आला. "आई, दोन दहाला निघालो की गं! फोटोत होतं ना?"

चौदातून बारा वजा करायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडाकडं बघून त्यालाही सगळं उमगलं.

दिरानं विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, इमानानंच घात केला. लई उशीर झाला."

आजही तो सगळ्यांना तेच सांगतो. मी जवळ असले तरी खरं काय ते मीही बोलत नाही.